दीड अंशानं काय होतं? सोयाबीनचा ओलावा मोजणाऱ्या कास्तकाराला हे लवकर समजेल

आसेगाव (ता. मंगरुळपीर), प्रतिनिधी :

"पृथ्वीचं तापमान दीड अंशानं वाढलं" अशी बातमी आता दर चार-सहा महिन्यांनी मोबाईलवर येते. ती वाचून पारावर हमखास एक प्रश्न निघतो, "भाऊ, आपल्याकडं सकाळी 26 आन् दुपारी 44 असते. दिवसाला अठरा अंशाचा फरक आपण काढतो, मंग दीड अंशाचं काय घेऊन बसले?" प्रश्न चुकीचा नाही. दीड हा आकडा खरंच लहान दिसतो.

पण लहान आकडा म्हणजे लहान गोष्ट नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा 12 टक्के भरला तर माल घेतात आणि 14 भरला तर परत पाठवतात. फरक फक्त दोनचा, पण त्या दोनसाठी ट्रॅक्टरभर माल घरी येतो. 2024 च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मागणीनंतर केंद्र सरकारनं ही मर्यादा 15 टक्के केली, तेव्हा कुठं अनेकांचा माल काट्यावर चढला. आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कशाचा आहे, हे आधी बघावं लागतं. दीड अंशाचंही तसंच आहे.

दीड अंश हा दुपारचा पारा नाही, सरासरी आहे

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या, की दीड अंश म्हणजे आपल्या गावातला आजचा पारा नाही. ती साऱ्या पृथ्वीची सरासरी आहे. दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा, जमीन आणि समुद्र, वाशिम आणि अंटार्क्टिका, सगळं एकत्र धरून वर्षाचा एक आकडा काढतात. मग त्याची तुलना 1850 ते 1900 या पन्नास वर्षांच्या सरासरीशी करतात. तेव्हा कोळसा आणि तेल जाळणं आजच्या मानानं फारच कमी होतं, म्हणून तो काळ मोजमापाची खूण धरला आहे.

सरासरी काय लपवते हे आपल्याला पैसेवारीवरून माहीत आहे. गावाची पैसेवारी 52 निघाली म्हणून प्रत्येक वावरात 52 पैसे पीक असतं असं नाही. नाल्याकाठचं वावर खरडून गेलेलं असतं आणि वरच्या धुऱ्याचं बरं पिकलेलं असतं. दोन्ही मिळून 52 होतात.

पृथ्वीचं असंच गणित मांडून बघू. समजा पृथ्वी म्हणजे 100 एकर. त्यात 71 एकर पाणी आणि 29 एकर जमीन. 2011 ते 2020 या दहा वर्षांत समुद्रावरचं तापमान जुन्या काळापेक्षा 0.88 अंशानं वाढलेलं होतं आणि जमिनीवरचं 1.59 अंशानं. आता 71 ला 0.88 नं गुणा, साधारण साडेबासष्ट येतात. 29 ला 1.59 नं गुणा, साधारण 46 येतात. दोन्हींची बेरीज करून 100 नं भागा. उत्तर येतं 1.09. त्या दहा वर्षांचा जगाचा आकडा हाच होता.

यातून काय कळतं? जगाची सरासरी 1.09 होती तेव्हाच जमीन दीड अंशाच्या वर गेली होती. समुद्र खोल आहे, तो हळू तापतो आणि सरासरी खाली ओढतो. पण माणूस राहतो जमिनीवर आणि पिकं उभी राहतात तीही जमिनीवर.

आपल्या देशाबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशानं वाढलं, म्हणजे जगातल्या बाकी जमिनीपेक्षा कमी. हवेतला धूर आणि बारीक कण सूर्याची थोडी उष्णता अडवतात, हे त्याचं एक कारण आहे. म्हणून आपण वाचलो असं समजू नये. तो धूर आरोग्याला वाईट असल्यानं कमी करावाच लागणार आहे आणि तो कमी झाला की ही सावलीही जाते.

पाच-सहा अंशांत जग बदललं होतं

सरासरीतला एक अंश किती मोठा असतो याचा अंदाज घ्यायचा असेल तर उलट्या बाजूनं बघा. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग जोरात होतं. तेव्हा आज जिथं कॅनडा आहे तिथं किलोमीटरभरापेक्षा जाड बर्फ होता. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. आणि जगाची सरासरी किती कमी होती? फक्त 5 ते 7 अंशानं. त्यानंतर पृथ्वीला तेवढं तापायला हजारो वर्षं लागली. आता जवळपास दीड अंश वाढ दीडशे वर्षांत झाली आहे आणि त्यातली बहुतेक गेल्या पन्नास वर्षांतली आहे.

मे महिन्याचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. सरासरी दीड अंशानं वाढली तर आपल्या उन्हाळ्यात नेमकं काय होतं? "45 चं साडेसेहेचाळीस होईल, अजून काय" असं वाटतं. पण खरा फरक किती दिवस तापतं यात पडतो. एक हिशेब करून बघू. हे आकडे खऱ्या नोंदीचे नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत, पण आपल्या वऱ्हाडातल्या मे महिन्यासारखेच आहेत.

समजा मे महिन्याच्या 31 दिवसांत दुपारचा पारा असा राहिला :

- 38 अंश : 2 दिवस
- 39 अंश : 3 दिवस
- 40 अंश : 4 दिवस
- 41 अंश : 5 दिवस
- 42 अंश : 6 दिवस
- 43 अंश : 5 दिवस
- 44 अंश : 3 दिवस
- 45 अंश : 2 दिवस
- 46 अंश : 1 दिवस

या महिन्यात 45 किंवा त्याच्या वर किती दिवस गेले? तीन. 46 किंवा त्याच्या वर एक. आणि 47 च्या वर एकही नाही.

आता प्रत्येक दिवसात फक्त दीड अंश मिळवा. 44 चे तीन दिवस साडेपंचेचाळीसचे होतात, 45 चे दोन साडेसेहेचाळीसचे आणि 46 चा एक साडेसत्तेचाळीसचा. पुन्हा मोजा. 45 च्या वरचे दिवस तीनाचे सहा झाले, म्हणजे दुप्पट. 46 च्या वरचे एकाचे तीन झाले, म्हणजे तिप्पट. आणि 47 च्या वर जो दिवस आधी नव्हताच, तो आता आहे.

बोटावर मोजून खात्री करता येईल. मधल्या, रोजच्या दिवसांत फारसा फरक वाटत नाही. 41 चं साडेबेचाळीस झालं तर कोणी घरात बसत नाही. पण टोकाचे दिवस पटीनं वाढतात आणि दिवस जितका टोकाचा तितकी पट मोठी. नुकसान होतं ते या टोकाच्या दिवसांतच. संत्र्याची कोवळी फळं गळतात ती याच दिवसांत. जनावरं खाणं सोडतात आणि दुपारी वावरात असलेल्या मजुराला उष्माघात होतो तोही याच दिवसांत.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं (आयपीसीसी) जगातल्या जमिनीवरच्या नोंदी आणि संगणकी अभ्यासातून 2021 मध्ये असाच हिशेब मांडला. जुन्या काळात दहा वर्षांत एकदा पडायची अशी कडक उष्णता एक अंश वाढीला दहा वर्षांत सुमारे तीनदा पडते, दीड अंशाला सुमारे चारदा आणि दोन अंशाला पाच ते सहादा. म्हणजे दीड आणि दोन यांच्यातला अर्धा अंशही रिकामा जात नाही.

मार्च 2022 : दोन अंशापेक्षा कमी आणि गहू आकसला

लहान आकड्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मार्च 2022 आठवा. त्या महिन्यात देशाची दुपारच्या तापमानाची सरासरी 33.10 अंश होती. नेहमीची सरासरी 31.24. फरक 1.86 अंश, म्हणजे पुरे दोन अंशही नाही. तरी 1901 पासूनच्या नोंदींत तो सगळ्यात तापलेला मार्च ठरला. त्यात पाऊसही नेहमीपेक्षा फार कमी झाला.

मार्चमध्ये पंजाब-हरियाणातला गहू दाणा भरण्याच्या अवस्थेत असतो. दाणा भरायला गव्हाला थंड, लांब दिवस लागतात. हवा तापली की झाड घाई करतं. दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि पीक लवकर पिवळं पडतं. लांबून बघितलं तर शेत पिकल्यासारखं दिसतं. ओंबी चोळून बघितली की दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो. ओंब्यांची संख्या तेवढीच असते, पण पोत्याचं वजन कमी भरतं.

पुढं काय झालं ते ओळीनं बघा. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता की देशात 11 कोटी 13 लाख टन गहू होईल. मे महिन्यात हा अंदाज 10 कोटी 64 लाख टनांवर आणावा लागला. 13 मे 2022 रोजी सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. दोनच दिवसांनी पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीत आकसलेल्या दाण्याची मर्यादा 6 टक्क्यांवरून 18 टक्के केली, कारण जुन्या मर्यादेत बराच माल बसतच नव्हता.

एका महिन्यात सरासरी 1.86 अंश. त्यातून दाणा आकसला, अंदाज खाली आला, निर्यात थांबली आणि खरेदीचे नियम बदलले. निर्यातबंदीला युक्रेनच्या युद्धानं चढलेले भावही कारण होते, पण पीक कमी आलं ते तापलेल्या मार्चमुळं.

हे सगळं तापमानवाढीमुळंच झालं का? एखादा मार्च जास्त तापणं पूर्वीही होत असे. पण वर्ल्ड वेदर अट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटानं हिशेब केला, तेव्हा असं निघालं की 2022 च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णता तापमानवाढीमुळं सुमारे 30 पट जास्त शक्य झाली होती. तेव्हा जगाची वाढ होती सुमारे 1.2 अंश. दीड अजून यायचा होता.

पावसात 60 चे 66 कसे होतात

दीड अंशाचा दुसरा फटका पाण्यातून बसतो. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. दीड अंशाला हे प्रमाण साधारण 10 टक्क्यांवर जातं.

याचा एक हिशेब घ्या. समजा जुन्या हवेत एका दिवशी 60 मिलिमीटर पाऊस पडला असता. हवेत 10 टक्के वाफ जास्त असेल आणि ती सगळी कोसळली तर तोच पाऊस 66 मिलिमीटर होतो. आपल्याकडं महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे 60 हा जोराचा पाऊस आणि 66 ही अतिवृष्टी. मधले सहा मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे 24 हजार लिटर पाणी. पाच हजार लिटरचे जवळपास पाच टँकर प्रत्येक एकरावर जास्तीचे ओतल्यासारखं आहे. आपल्या काळ्या जमिनीत ते लवकर मुरत नाही. तूर उभी जळते ती या साचलेल्या पाण्यानं.

प्रत्येक पाऊस दहा टक्क्यांनी वाढतो असा याचा अर्थ नाही. वाढतात ते मुख्यतः जोराचे पाऊस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं. त्याच काळात या भागातला पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट थोडा घटला.

ही दोन वाक्यं एकत्र ठेवून वाचा. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी आणि मोठे पाऊस जास्त. म्हणजे मधले रिमझिमीचे दिवस कमी झाले. तापलेली हवा जशी जास्त वाफ धरते तशी ती जमिनीतून जास्त ओल ओढतेही. ऑगस्टमध्ये खंड पडला की पूर्वी ज्या ओलीवर सोयाबीन काही दिवस तग धरत होतं, ती ओल आता लवकर संपते. फुलं आणि कोवळ्या शेंगा गळतात त्या तिथं. एकाच हंगामात कोरडं आणि ओलं असं दोन्ही नुकसान होतं, याचं हे एक मोठं कारण आहे.

दीड अंश ओलांडला का?

2024 हे नोंदींतलं सगळ्यात तापलेलं वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेनं त्या वर्षाची वाढ सुमारे 1.55 अंश सांगितली. दीडच्या वर गेलेलं हे पहिलं पूर्ण वर्ष. त्यात एल निनोचाही थोडा हात होता.

मग 2015 च्या पॅरिस करारातली हद्द मोडली का? त्या करारात देशांनी ठरवलं होतं की वाढ दोन अंशाच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर थांबवायचा प्रयत्न करायचा. पण ही हद्द एका वर्षावरून धरत नाहीत, साधारण वीस वर्षांच्या सरासरीवरून धरतात. एका सालचं पीक बुडालं म्हणून वावर नापीक ठरत नाही, तसंच हे. त्या हिशेबानं हद्द अजून ओलांडलेली नाही, पण जग तिच्या अगदी जवळ आलं आहे.

दीड म्हणजे कडेलोटाचा कठडा आहे असंही समजू नये. 1.49 ला सगळं ठीक आणि 1.51 ला सगळं संपलं, असं नसतं. वर मे महिन्याचा जो हिशेब केला तो 1.6 ला अजून थोडा वाईट होतो आणि 1.7 ला त्याहून वाईट. म्हणूनच दीड हुकला तरी 1.6 वर थांबणं 1.8 पेक्षा बरं असतं.

गावात बसून हे कसं तपासायचं?

"यंदा तर थंडी जास्त होती, मंग कुठं आलं तापमान?" असं दर हिवाळ्यात ऐकू येतं. एका थंडीवरून किंवा एका उन्हाळ्यावरून काही ठरत नाही. निदान तीस वर्षांची नोंद हाताशी पाहिजे. ती बघताना तीन गोष्टींत फसायला होतं.

पहिली, मोबाईलवर दिसणारं तापमान. ते बहुतेक वेळा आपल्या गावात मोजलेलं नसतं, आसपासच्या भागासाठी संगणकानं काढलेला अंदाज असतो. टिनाच्या शेडखाली किंवा मोटारसायकलवर दिसणारा आकडाही धरू नये. हवामान केंद्रात तापमापी जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत ठेवतात. तो आकडा तिथल्याच आकड्याशी ताडून बघायचा.

दुसरी, "नेहमीपेक्षा एक अंश जास्त" ही बातमी. यातलं "नेहमी" म्हणजे हवामान विभागाची तीस वर्षांची सरासरी. तापमानासाठी सध्या ती 1991 ते 2020 ची धरतात. हा काळ स्वतःच जुन्या काळापेक्षा तापलेला आहे. माप सरकलं की वाढ कमी दिसते. म्हणून बातमीत एक अंश वाचला तर तो 1850-1900 पासूनचा दीड अंश नाही, हे दोन वेगळे आकडे आहेत.

तिसरी, फक्त दुपारचा पारा बघणं. रात्रीचं कमीत कमी तापमानही लिहून ठेवा. दिवसभर तापलेलं घर, जनावर आणि झाड रात्री निवतं. रात्र निवली नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन आधीच तापलेल्या अंगावर पडतं.

महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी आपल्या थेट कामाच्या आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती याच नोंदींवरून. ठरलेल्या अंशाच्या वर पारा सलग ठरलेले दिवस राहिला तर पैसे, एक दिवस कमी भरला किंवा अर्धा अंश खाली राहिला तर काही नाही. संत्रा उत्पादकांनी आपल्या विम्याच्या कागदावर तो अंश आणि ते दिवस कोणते लिहिले आहेत हे एकदा वाचून, उन्हाळ्यात मंडळाच्या रोजच्या नोंदीशी लावून बघावं. केंद्र बंद पडलेलं दिसलं किंवा आकडा शेजारच्या मंडळापेक्षा फारच वेगळा वाटला तर त्याच आठवड्यात सहायक कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्यावं. हंगाम संपल्यावर त्या दिवसाचा पारा किती होता हे सिद्ध करता येत नाही.